पोटाचं माप लिहायला शिंपी तयार नसतो तेव्हा

इंदूरला कापड घेणं हा प्रश्नच नाही. शीतलामाता बाजारात शिरलं की बाग प्रिंट, चंदेरी, महेश्वरी, पाहिजे ते मिळतं. गाडी अडते ती शिवायला टाकल्यावर. त्या एका बुटिकवरचा माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

माझा बांधा, ज्याला आता सगळे अ‍ॅपल शेप म्हणतात, तो. हातपाय बारीक, मागून सपाट, जे काही वजन आहे ते छातीवर आणि पोटावर. मापंच सांगते म्हणजे पुढचं कळेल: छाती ४०, छातीच्या लगेच खाली ३६, पोट नाभीपाशी ४३, सीट ४१. खुर्चीत बसले की पोट ४५ होतं. रेडिमेड कपडे छातीपेक्षा कंबर चांगली पाच-सहा इंच कमी धरून शिवतात. त्यामुळे पोटाला बसेल असा कुर्ता घेतला की खांदे दंडावर उतरतात आणि गळा सरकत राहतो. खांद्याला बसेल असा घेतला तर पोटावर ताणतो. शिवून घेण्यावाचून इलाज नाही.

बुटिकमधल्या मास्टरजींनी टेप लावली. छाती, कंबर, सीट, उंची. कंबरेचं माप त्यांनी बरगड्या संपतात तिथे घेतलं, ३८ भरलं, वहीत लिहिलं. मी म्हटलं, “मास्टरजी, पेट का भी ले लीजिए.” तर म्हणे, “कुर्ते में पेट का नाप नहीं होता, दीदी. फिटिंग बिगड़ जाएगी.” वहीत तसा रकानाच नव्हता, हे खरं. पण पोट वहीला विचारून थोडंच वाढतं?

आता त्या हिशेबाचं काय होतं बघा. कंबरेला ३८ अधिक दोन म्हणजे ४०, सीटला ४१ अधिक तीन म्हणजे ४४. या दोन बिंदूंच्या मध्ये सरळ तिरकी शिवण. नाभीपाशी कुर्ता ४२ च्या आसपास भरतो आणि तिथे मी ४३. वरून ‘शेप के लिए’ पुढे-मागे उभे टक्स घातलेले! ट्रायलला घातला तर दोन्ही बाजूंच्या शिवणींपासून पोटाकडे आडव्या सुरकुत्या. आडवी सुरकुती दिसली की समजायचं, त्या जागी कापड कमी आहे. कापड पुरेसं असेल तर चुण्या उभ्या पडतात.

मग सुरू झालं ‘कल आइए’. त्यांनी शिवणीतली माया सोडली. अर्ध्या इंचाची माया चारी कडांना सोडली की एकूण घेर दोन इंचांनी वाढतो, पण त्यांनी ती मुंढ्यापासूनच सोडली. झालं, काखेत पोतं आणि पोटावर बसल्यावर तरीही ताण. टक्स काढा म्हटलं तर चेहरा असा केला की जणू मी त्यांची कलाच उसवायला सांगतेय. तिसरी भानगड पुढच्या उंचीची. कुर्ता पुढून वर उचललेला दिसत होता. मास्टरजींचं निदान: “आप झुककर खड़ी होती हैं.” अहो, कापड पोटाच्या उंचवट्यावरून जाऊन खाली येतं, त्यात त्याची लांबी खर्च होते. पुढच्या भागाला मध्यावर इंचभर उंची जास्त ठेवायची आणि बाजूच्या शिवणीपर्यंत ती शून्यावर आणायची, एवढंच असतं. कापल्यानंतर ते होत नाही. तीच गत बाजूच्या कटांची. त्यांनी खांद्यापासून २० इंचांवर कट सुरू केले, म्हणजे ऐन पोटाशी. चालताना ते फाकायचे. मला ते २४ वर हवेत, पोटाचा फुगवटा संपल्यावर. सुदैवाने हे सगळं बाग प्रिंटच्या सुती कापडावर झालं. भाचीच्या लग्नासाठी घेतलेलं महेश्वरी मी त्यांच्याकडून तसंच परत आणलं. त्यांनी शिलाई मात्र पूर्ण घेतली.

तिथून सुटून रामबागेतल्या एका काकूंकडे गेले आणि सगळं सरळ झालं. त्यांनी पहिलं माप घेतलं ते मला स्टुलावर बसवून. मग अस्तराच्या स्वस्त कापडात कच्चा कुर्ता टाचला आणि पुन्हा बसवलं. प्रिन्सेस कट: मुंढ्यातून निघालेली शिवण छातीवरून खाली उतरते, पुढे दोन, मागे दोन, शिवाय बाजूच्या दोन, अशा सहा शिवणी. छातीखाली ३६ ला ३९, तिथपर्यंत अंगाबरोबर. तिथून पोटापर्यंत ४८ करायचे, म्हणजे नऊ इंच वाढवायचे, दर शिवणीत दीड इंच. नऊ इंच एकदम ऐकले की घाबरायला होतं, पण सहा जागी वाटले गेले की कुठेच दिसत नाहीत.

मी आधी छातीखाली चुण्या मागितल्या होत्या. काकू म्हणाल्या, “अगं, चुण्या घातल्या की कापड पोटावरच गोळा होणार. लोक डोहाळजेवणाची तारीख विचारतील.” कळ्यांचा घेर मात्र शिवणीच्या रेषेत उभा पडतो.

अस्तराचं सांगायचं राहिलं. बुटिकने अस्तर सरळ कापलं होतं, म्हणून वरचा कपडा सैल करूनही आत ते आवळत होतं. अस्तरालाही तोच घेर लागतो, आणि खालून ते सुटं ठेवायचं. क्रेपचं अस्तर घालू देऊ नका. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ते अंगाला चिकटतं आणि वरच्या कपड्यालाही ओढून घेतं. मलमल किंवा केंब्रिक बरं. आणि सुती कापड असो की सुती अस्तर, कापण्याआधी पाण्यातून काढाच, नाहीतर मोठ्या कष्टाने मिळवलेले इंच पहिल्या धुण्यात आटतात.

कापड निवडताना दुकानात मी एक करते: मूठ वळून तिच्यावर कापड टाकते. रेयॉन टाकलं तर बोटांची पेरं न् पेरं दिसतात. होजिअरी आणि क्रेपचंही तेच. महेश्वरीत रेशमी ताणा आणि सुती बाणा असतो, ते पेरांमधल्या खाचांत न शिरता मुठीवरून उतरत जातं. ऑर्गेंझा आणि टिश्यू दुसऱ्या टोकाला, मुठीपासून लांबच उभे राहतात. अंगावर घातले की ते छातीवरून सरळ खाली येतात आणि सगळं शरीर पोटाएवढंच रुंद दिसतं. नुसतं ‘चिकटत नाही’ एवढ्यावर कापड घेऊ नये.

कळीदार कुर्त्याला कापड जास्त लागतं, तेव्हा शिंप्याला आधी विचारून मगच बाजार गाठा. महेश्वरीचा काठ काकूंनी खालच्या घेराला आणि बाह्यांना लावला, पोटावर आडवी पट्टी येऊ दिली नाही.

आणि हो, खालची पँट. कुर्ता कितीही चांगला शिवला तरी नाड्याची गाठ पोटावर उठून दिसते. सीट सपाट असल्यामुळे खाली बांधलेली पँट घसरते आणि दिवसभर वर ओढत बसावं लागतं. माझ्या सगळ्या पँटना आता नाभीवर येणारा रुंद सपाट पट्टा आहे, चेन डाव्या बाजूला आणि इलास्टिक फक्त मागे. काकू त्याचे पन्नास रुपये जास्त घेतात.