वजन जुळलं, पण सळई चुकीच्या बाजूला चालली होती

पुण्यात हिंजवडीच्या बाजूला एका बिल्डिंगच्या बेसमेंटचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. राफ्टचं, म्हणजे तळाच्या जाड स्लॅबचं काँक्रीट परवा होणार होतं. त्यातून वर येणाऱ्या रिटेनिंग वॉलच्या, म्हणजे माती अडवणाऱ्या भिंतीच्या स्टीलचं बीबीएस, म्हणजे कुठली सळई किती लांब कापायची, कशी वाकवायची याची यादी, संध्याकाळी साडेचारला माझ्या टेबलावर आली. राफ्टमधून भिंतीसाठी वर काढून ठेवायचे स्टार्टर बारही त्यात होते. काँट्रॅक्टरचा बिलिंग इंजिनिअर म्हणाला, मॅडम, वजन तुमच्या क्वांटिटीशी किलोला किलो जुळतंय, फक्त सही पाहिजे, फिटरनी कटिंग सुरू पण केलंय.

वजन खरंच जुळत होतं. माझ्याकडच्या शीटमध्ये त्या भिंतीच्या उभ्या स्टीलचा जो आकडा होता तोच त्याच्याकडे होता. पण मी बीबीएस वरून खाली वाचत जात नाही, कारण तसं वाचलं की समोर लिहिलेला आकडा पटतच जातो. मी आधी ड्रॉइंग उघडते, सेक्शनमधली एक सळई पकडते आणि तिचा मार्क, डाया, आकार, लांबी, नग माझ्या कागदावर स्वतः काढते, मग बीबीएसमध्ये तो मार्क शोधते.

भिंत साधीच होती, ३०० मिमी जाडीची, २४ मीटर लांब, एम ३० काँक्रीट, एफई ५०० स्टील. मातीच्या बाजूला १६ एमएमची सळई दर १५० मिमीवर, आतल्या बाजूला १२ एमएमची, तीही १५० वर. माती बाहेरून ढकलते म्हणून खरं ताणाचं काम मातीकडच्या सळया करतात आणि ते सगळ्यात जास्त असतं ते भिंतीच्या पायथ्याशी, म्हणजे नेमकं जिथे स्टार्टरवर लॅप येतो तिथे, म्हणजे वरची सळई स्टार्टरला काही लांबीपर्यंत बाजूने चिकटवून जोडतात तिथे.

सेक्शनवर मातीकडची सळई डब्ल्यू-१. बीबीएसमध्ये बघितलं तर डब्ल्यू-१ समोर १२ एमएम. पहिल्यांदा वाटलं टायपिंगची चूक असेल. डब्ल्यू-२ बघितला, तिथे १६. पोटात गोळाच आला, कारण ही एका आकड्याची चूक नव्हती, पूर्ण बाजूच उलटी झाली होती.

ड्रॉइंगची आधीची रिव्हिजन, आर-२, शोधून काढली. त्यात कन्सल्टंटनी नंबर आतल्या बाजूपासून दिले होते, म्हणजे डब्ल्यू-१ आतली १२ची. आताच्या आर-३ मध्ये त्यांनी नंबर मातीकडून सुरू केले. बीबीएसच्या डोक्यावर आर-३ लिहिलं होतं पण आतला मजकूर आर-२चाच होता. साइटवर फिटर काय करतो, बंडलला लावलेला पत्र्याचा टॅग वाचतो आणि ड्रॉइंगमध्ये तो मार्क जिथे दिसतो तिथे सळई बांधतो. म्हणजे मातीकडे १६ च्या जागी १२ लागली असती. दोन्हींचं अंतर १५०च, दोन्हीकडे १६१ नगच, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला काही वेगळं दिसणार नाही. पण १६ १५० वर म्हणजे मीटरमागे साधारण १३४० चौरस मिमी स्टील आणि १२ १५० वर म्हणजे ७५४, निम्म्याच्या थोडंसं वर. आणि एकूण वजन? तेच, कारण दोन्ही सळया बीबीएसमध्ये होत्याच, फक्त नावं बदललेली.

मग मी लॅपकडे वळले. एम ३० आणि एफई ५०० ला डेव्हलपमेंट लेंथ, म्हणजे काँक्रीटनी सळई पक्की धरायला लागणारी लांबी, सळईच्या ४५ डायाच्या, म्हणजे जाडीच्या ४५ पटीच्या आसपास येते, ड्रॉइंगवर ५० डाया दिलेला, म्हणजे १६ ला ८०० आणि १२ ला ६००. हे आकडे बीबीएसमध्ये बरोबर होते. पण आर-३ मध्ये एक नोट वाढली होती की मातीकडचे सगळे लॅप एकाच उंचीवर नकोत, एक सोडून एक स्टॅगर, म्हणजे वरखाली करा. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे दोन जोडांच्या मध्यातलं अंतर लॅपच्या निदान १.३ पट असलं तरच ते स्टॅगर धरतात, म्हणजे इथे १०४०. तर ८१ स्टार्टर राफ्टच्या वर ८०० निघायला हवे आणि ८० स्टार्टर १८४० निघायला हवे. बीबीएसमध्ये १६१ च्या १६१ एकाच लांबीचे, ८०० वर निघणारे.

इथे वजन परत फसवतं हे मला त्याच दिवशी नीट समजलं. ८० स्टार्टर १०४० नी वाढले की १३१ किलो स्टील वाढतं, पण त्यांच्यावर येणारी उभी सळईही तेवढीच आखूड होते, कारण ती १०४० वरून सुरू होते. बेरीज जिथल्या तिथे. त्यामुळे स्टॅगर केला काय, विसरला काय, टनेजमध्ये काही कळतच नाही.

तिसरी गोष्ट लहान होती. दोन्ही जाळ्या धरून ठेवणाऱ्या लिंकची रुंदी बीबीएसमध्ये २४०. मी त्यात दोन्हीकडचं कव्हर, म्हणजे स्टीलच्या बाहेरचा काँक्रीटचा थर, मिळवून बघते, बेरीज भिंतीच्या जाडीएवढी आलीच पाहिजे. मातीकडे ५०, आत ३०, म्हणजे २४० धरून ३२० होतात आणि भिंत तर ३०० ची! त्यांनी दोन्हीकडे ३० धरलेलं. कव्हर सगळ्यात बाहेरच्या स्टीलपासून मोजायचं असतं, म्हणजे लिंकपासून, त्यामुळे ती लिंक लागली असती तर ओल्या मातीकडचंच कव्हर २० नी कमी झालं असतं. हवी होती २२०.

साडेपाचला मी यार्डात गेले. फिटरचे मुकादम सोलापूरकडचे, वयानी मोठे, त्यांना सगळे काकाच म्हणतात. मी बंडलवरचा डब्ल्यू-१ चा टॅग दाखवला आणि विचारलं, काका, ही कुठे बांधणार? ते ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणाले, "हितं, मातीकडं." मी व्हर्निअर लावून १२ दाखवलं. काका बराच वेळ त्या टॅगकडे बघत राहिले, मग म्हणाले, "ताई, मला पण वाटलं बारीक हाय म्हणून, पण कागदावर तसंच लिवलंय." मला त्यांचा राग नाही आला, वाईट वाटलं, कारण त्यांच्या हाताला कळलं होतं आणि आमच्या कागदानी त्यांना गप्प केलं.

१२ च्या सगळ्या १६१ कापून झाल्या होत्या, त्यांचे टॅग काढून डब्ल्यू-२ चे लावले. १६ च्या चाळीसेक कापल्या होत्या, त्या आखूड स्टार्टर म्हणून चालल्या. त्यांना डब्ल्यू-१ए मार्क दिला, लांबांना डब्ल्यू-१बी, कारण दोन लांब्यांना एकच मार्क ठेवला असता तर बांधताना परत घोळ झाला असता. लांब स्टार्टर एल-बेंडसकट २७९० चा, १२ मीटरच्या एका सळईत चार बसतात आणि ८४० चा तुकडा उरतो, म्हणजे २० सळया लागल्या. वाकवून झालेल्या नव्वदेक लिंका स्क्रॅपमध्ये गेल्या. बिलिंगवाला म्हणाला, मॅडम, परत वाकवून बसवू ना. मी नाही म्हणलं, एकदा वाकवलेली सळई सरळ करून परत वाकवली की बेंडपाशी चीर जाऊ शकते.

बीबीएस आर-३ वरून नव्यानं करून आणायला लावलं, रात्री नऊला सही केली आणि कन्सल्टंटला मेल टाकला की रिव्हिजनमध्ये मार्क बदलले तर ड्रॉइंगवर क्लाउड करून, म्हणजे बदलाभोवती ढगासारखी रेघ काढून दाखवा, आर-३ मध्ये क्लाउड फक्त स्टॅगरच्या नोटभोवती होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टार्टर बांधून झाल्यावर मी आणि काका भिंतीच्या लाइनवरून चालत गेलो, २४ मीटर, राफ्टच्या टॉप लेव्हलला दोरी बांधलेली. मी टेप धरायचे, ते मोठ्यानी वाचायचे, आठशे, अठराशे चाळीस, आठशे, अठराशे चाळीस. एका ठिकाणी सलग दोन आखूड निघाले, तिथे त्यांनी पोरांना हाक मारून एक काढायला लावला आणि लांबाचा उभा करून बांधून होईपर्यंत ते पुढे सरकले नाहीत.