वेर्कटाग्स म्हणजे शनिवारसुद्धा: मावशी-काकांच्या जर्मनीतल्या फोटोंची भाषांतरं

मावशी आणि काका मुलाकडे जर्मनीला गेले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की काही वाचता आलं नाही तर फोटो पाठवा, मी मराठीत सांगते. पुण्यात जर्मन शिकले आहे, थोडीफार भाषांतराची कामंही करते, त्यामुळे मला वाटलं पाट्यांमध्ये काय असणार, दोन-तीन शब्द तर असतात. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की लेख किंवा पत्र परवडलं, कारण तिथे पुढची-मागची वाक्यं मदतीला असतात आणि पाटी बिचारी एकटी उभी असते. म्हणजे खरं तर ती एकटी नसते, फोटो काढणारा तिला एकटी करतो.

सुरुवात 'फ्राय' या शब्दाने झाली. मावशीने पहिल्या दिवशी एका म्युझियमच्या दारावरचा फोटो टाकला, 'आइनट्रिट फ्राय', म्हणजे प्रवेश मोफत. मी तसं सांगितलं आणि ती खूश. दुसऱ्या दिवशी एका घराबाहेर 'त्सिमर फ्राय' दिसलं, तर ती म्हणाली अगं इथे खोल्या फुकट देतात! तिथे फ्राय म्हणजे रिकामी, खोली भाड्याने मिळेल, पैसे द्यायचेच. तिसरी पाटी गाडी चालवताना दिसलेली, त्यामुळे ती जास्त महत्त्वाची. लाल कडा असलेलं पांढरं गोल, आत काहीच नाही, आणि खाली लहान पट्टीवर 'आनलीगर फ्राय'. काकांनी फक्त खालची पट्टी झूम करून पाठवली होती. आनलीगर म्हणजे ज्याचं त्या रस्त्यावर घर, दुकान वगैरे आहे तो, आणि फ्राय म्हणजे त्याला मुभा. पण मुभा कशातून, तर वरच्या गोलातून, कारण ते रिकामं गोल म्हणजे 'सगळ्या वाहनांना बंद'. म्हणून नुसत्या पट्टीचं भाषांतर 'रहिवासी मुक्त' असं काहीतरी भयंकर होतं आणि दोन्ही मिळून होतं 'हा रस्ता बंद आहे, पण या रस्त्यावर ज्याचं काम आहे त्याने जायला हरकत नाही'. कुणाकडे भेटायला जाणारा पाहुणाही त्यात बसतो. फक्त शॉर्टकट म्हणून मधून घुसायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. काकांना त्याच गल्लीत मुलाच्या मित्राकडे जेवायला जायचं होतं, म्हणून मी म्हटलं जा बिनधास्त, आणि ते बरोबर निघालं.

त्यामुळे माझा कॉन्फिडन्स वाढला आणि मग शनिवार आला.

सकाळी पावणेबाराच्या सुमाराला फोटो आला, पट्टीवर एकच ओळ, 'वेर्कटाग्स ८–१८ एच'. मागोमाग काकांचा मेसेज, "पटकन सांग, गाडी लावायची आहे, मागे लोक हॉर्न वाजवतायत." (जर्मनीत हॉर्न वाजवतायत म्हणजे काका खरंच रस्ता अडवून उभे असणार.) वेर्क म्हणजे काम, टाग म्हणजे दिवस, हे मला झोपेतही येतं. मी टाइप केलं, कामाच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा काहीतरी नियम आहे, आज शनिवार, तुम्ही लावा. दीड तासाने काकांचा फोन, वायपरखाली कागद अडकवलाय, वीस युरो दंड!

मग मी म्हटलं आता पूर्ण फोटो पाठवा, लांब उभं राहून, खांब जमिनीपासून टोकापर्यंत दिसायला हवा. तो आला आणि माझी चूक एक नव्हे तर दोन होत्या हे कळलं.

पहिली सरळसरळ माझी. जर्मन वाहतुकीच्या नियमांत वेर्कटाग म्हणजे सोमवार ते शनिवार, फक्त रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या वगळून. आपण ज्याला सोमवार ते शुक्रवार ऑफिसचा दिवस म्हणतो त्याला ते सहसा आर्बाइट्सटाग म्हणतात. मराठीत दोन्ही 'कामाचा दिवस'च होतात! मी पुण्यातल्या आयटीवाल्यांचा शनिवार डोक्यात ठेवून जर्मन पाटी वाचली. आता मी वेर्कटाग्सचं भाषांतर 'कामाच्या दिवशी' असं करतच नाही, सरळ 'सोम ते शनि, सुट्टी सोडून' लिहिते.

दुसरी चूक फोटोतल्या गाळलेल्या भागाची. खांबावर सगळ्यात वर निळा चौकोनी पी होता, म्हणजे पार्किंग. त्याच्याखाली एका छोट्या पट्टीवर घड्याळासारखी तबकडी आणि '२ एसटीडी' आणि त्याच्याही खाली आमची वेर्कटाग्सवाली ओळ. एसटीडी म्हणजे श्टुंडन, तास. आता गंमत बघा, 'एच' पण तासाचं आणि 'एसटीडी' पण तासाचं, पण ८–१८ एच म्हणजे घड्याळातली वेळ, आठ वाजल्यापासून अठरा वाजेपर्यंत, आणि २ एसटीडी म्हणजे मुदत, दोन तास. पाटीवर सहसा हाच फरक असतो, एकात किती वाजता आणि दुसऱ्यात किती वेळ. तर पूर्ण खांबाचा अर्थ असा, सोमवार ते शनिवार आठ ते सहा या वेळात इथे जास्तीत जास्त दोन तास गाडी लावता येईल, तबकडी लावून.

ती तबकडी म्हणजे पार्कशायबे, निळ्या पुठ्ठ्याची, त्यावर फिरणारं चाक. पोहोचल्याची वेळ त्यावर लावून ती काचेजवळ ठेवायची, आणि त्यातही नियम आहे की काटा पोहोचल्यानंतरच्या पुढच्या अर्ध्या तासाच्या खुणेवर ठेवायचा. काका अकरा चाळीसला पोहोचले होते म्हणजे बारावर लावायचा, आणि तिथून दोन तास, म्हणजे दोन वाजेपर्यंत. ते परत आले सव्वा एकला. म्हणजे वेळेच्या हिशोबात ते बिलकुल चुकले नव्हते, दंड फक्त तबकडी न ठेवल्याचा होता आणि तबकडी गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्येच पडलेली होती. मावशीला वाटलं होतं की ती लहान मुलांना घड्याळ शिकवायची आहे.

त्यानंतर मी आमच्या ग्रुपवर नियम केला, फोटो पूर्ण, रंगीत, आणि बरोबर एक ओळ, तुम्ही आत्ता कुठे उभे आहात आणि तुम्हाला काय करायचंय. काकांनी कुरकुर केली पण पाळला, आणि त्याचा उपयोग लगेच दुसऱ्याच पाटीला झाला. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात 'यू २२', बाजूला बाण. काकांना बर्लिनमध्ये निळ्या चौकोनातला पांढरा यू माहीत झाला होता, तो ऊ-बान म्हणजे भुयारी रेल्वे, आणि तिथल्या लाइन्सही यू २, यू ८ अशाच. त्यामुळे त्यांनी विचारलं, इथे मेट्रो स्टेशन कुठे आहे ते सांग. पण त्यांनी नियमाप्रमाणे लिहिलं होतं, 'हायवेवरून खाली उतरलोय, आजूबाजूला शेतं, गाई.' शेतात मेट्रो कुठून येणार. तो यू म्हणजे उमलाइटुंग, वळवलेला मार्ग. आउटोबानवर अपघात किंवा मोठा जाम झाला की एका एक्झिटला उतरायचं आणि त्याच नंबरच्या यू पाट्या पकडत गावागावातून पुढच्या एक्झिटवर परत चढायचं, त्यासाठी या पाट्या कायम लावलेल्या असतात. एका दिशेला सम नंबर, दुसऱ्या दिशेला विषम. जाम नसेल तर त्यांच्याकडे बघायचंही कारण नाही.

हे वाचून काका डोंबिवलीकर असल्याचं सिद्ध करत म्हणाले, "म्हणजे आपल्या लोकलच्या इंडिकेटरवरच्या एस सारखं." अगदी बरोबर! आपल्या सेंट्रलला इंडिकेटरवर सुरुवातीला एस असेल तर कर्जत, शेवटी एस असेल तर स्लो, आणि हे कुणी कुणाला शिकवत नाही, जागेवरून कळतं. त्या दिवसापासून काका स्वतःच अंदाज बांधून पाठवायला लागले आणि निम्मे बरोबर असायचे.

स्टेशनवर मात्र एकदा आम्ही दोघंही फसत होतो. रात्री स्टेशनवर भिंतीला लावलेल्या मोठ्या छापील वेळापत्रकाचा फोटो आला, काका म्हणाले सकाळी ८:१४ ची गाडी दिसतेय म्युनिकची, प्लॅटफॉर्म ५, हीच पकडतो. जर्मन स्टेशनांवर दोन कागद असतात, पिवळा म्हणजे आबफार्ट, सुटणाऱ्या गाड्या, आणि पांढरा म्हणजे आनकुन्फ्ट, येणाऱ्या गाड्या. फोटोतला कागद पिवळसर दिसत होता म्हणून मी हो म्हणायच्या बेतात होते, पण वेर्कटाग्सचा चटका ताजा होता. म्हटलं काका, सगळ्यात वर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते एकेक अक्षर वाचा. ए, एन, के... म्हणजे आनकुन्फ्ट. कागद पांढराच होता, वरचा दिवा पिवळा होता. ८:१४ ची गाडी म्युनिककडे जाणारी नव्हती, म्युनिकहून येणारी होती.

त्याच कागदावर काकांना 'एमओ–डीओ' दिसलं होतं, त्यांनी इंग्रजीत 'डू' वाचून विचारलं की काय करायला सांगतायत. सोमवार ते गुरुवार, मोनटाग ते डोनर्सटाग. रविवार 'एसओ', बुधवार 'एमआय'.

शेवटचा फोटो बाझलला जाताना गाडीतून, बोर्ड सरकत असताना काढलेला, हलका पुसट, 'बाझल बाद बीएफ'. मावशीचा मेसेज, "बाद म्हणजे गरम पाण्याचे झरे ना? तूच सांगितलंस बाद होम्बुर्गच्या वेळी. इथे उतरून बघू का?" बीएफ म्हणजे बानहोफ, स्टेशन, ते तिला पाठ झालं होतं. पण गावाच्या नावाआधीचं बाद म्हणजे स्नानाचं गाव, आणि इथला बाद नावानंतर येतो आणि तो बादिशर या शब्दाचा तुकडा आहे, बाडेन प्रांताचं स्टेशन. स्टेशन स्वित्झर्लंडमध्ये, चालवते जर्मन रेल्वे. आणि त्यांची झ्युरिकची पुढची गाडी शहरातल्या मुख्य स्विस स्टेशनवरून होती, जे त्याच गाडीचं पुढचं स्टेशन.

मी टाइप केलं, "उतरू नका, पुढचं." दोन मिनिटं काहीच नाही. मग मावशी, "काका उठून बॅग काढत होते, बसवलं."