लियॉंच्या बाजारात दोन शब्द बोलताना

फ्रान्समधील लियॉं शहरात नव्याने राहायला येणाऱ्या मराठी मंडळींना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. दुकानात शिरल्यावर मालाकडे वळण्याआधी तेथील माणसाकडे पाहून ‘बोंजूर मादाम’ किंवा ‘बोंजूर मस्य’ म्हणावे. आपल्याकडे वाण्याला ‘एक किलो साखर द्या’ असे थेट सांगितले तरी कोणाला वाईट वाटत नाही. येथे मात्र नमस्काराआधी केलेली मागणी हुकूम ठरते. अशा वेळी दुकानदार पुष्कळदा जरा ठासून ‘बोंजूर’ म्हणतो आणि थांबतो. आपणही तेवढाच नमस्कार परत केला, की व्यवहार सुरळीत होतो.

पुढचे बोलणे बहुधा मालावरूनच निघते आणि मला ते फार आवडते. क्र्वा-रूसच्या टेकडीवर सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. तेथे चीजवाल्याकडे सँ-मार्सेलँ हे तळहातात मावेल एवढे, गाईच्या दुधाचे गोल चीज मागितले, की तो आधी विचारतो, ‘कधी खाणार?’ आज रात्री म्हटले, तर तो बोटाने हलकेच दाबून आतून मऊ झालेले निवडतो. रविवारी पाहुणे येणार असतील, तर थोडे घट्ट देतो. आपण स्वतः हात लावू नये, निवड त्याच्यावर सोपवावी आणि सोबत कोणता पाव चांगला लागेल, हे विचारावे. या प्रश्नाने त्याची कळी खुलते, आणि मागे रांग असली तरी लोक सहसा कुरकुरत नाहीत, कारण त्यांनाही आपल्या पाळीला असेच सावकाश बोलायचे असते. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर मात्र नमस्कार आणि निरोप एवढेच पुरेसे असते.

टॅक्सीत मागच्या आसनावर बसावे. पत्ता सांगण्याआधी नमस्कार येथेही हवाच. बोलायचे असल्यास फुर्व्हिएरच्या बोगद्यातील वाहतूककोंडी हा हक्काचा विषय आहे, कारण ती शहरात सर्वांच्याच परिचयाची आहे. ‘गाव कोणते?’ हा आपला जिव्हाळ्याचा प्रश्न मात्र आवरावा. चालकाचे आजोबा अल्जीरियातून आलेले असतील, पण तो स्वतः लियॉंतच जन्मलेला असू शकतो, आणि मूळ गाव विचारणे म्हणजे ‘तू इथला नाहीस’ असे सुचवणे, असा अर्थ त्याच्या कानी पडण्याची शक्यता असते. त्याने आपणहून सांगितले, तर अवश्य ऐकावे. कमाई आणि लग्न हे विषयही टाळावेत.

चालकाने एका शब्दात उत्तर दिले, तर पुढे गप्प बसण्यात काहीच गैर मानले जात नाही. उतरताना मात्र ‘मेर्सी, बॉन जुर्ने’ म्हणून त्याला दिवस चांगला जावो अशी शुभेच्छा द्यावी, वाटेत एक अक्षरही बोलणे झालेले नसले तरी.