वणीच्या मातीने बदललेली आमची पद्धत: आमची वाटचाल

यवतमाळ जिल्ह्यात आम्ही माती तपासणीची छोटी प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हा ठिबक बसवणारे बहुतेक शेतकरी एकच विचारायचे: आमच्या वावरात चिकणमाती किती टक्के? त्यावरच पाणी किती वेळ सोडायचे ते ठरते. पण हायड्रोमीटरची तपासणी सावकाश चालते. सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या द्रावणात माती भिजवायची, कण सुटे करायचे, मग ते खाली बसण्याची वाट पाहायची. प्रत्येक वावराची माती अशी तपासणे शक्यच नव्हते.

म्हणून आम्ही नकाशाकडे वळलो. तपासलेल्या प्रत्येक ठिकाणची चिकणमाती एका बाजूला आणि तिथला उतार, नाल्यापासूनची उंची, सेंटिनल-२ उपग्रहाचे आकडे दुसऱ्या बाजूला ठेवून रँडम फॉरेस्ट हे संगणकाचे मॉडेल शिकवायचे, म्हणजे न तपासलेल्या वावराचा अंदाज ते सांगते. उंचीसाठी एसआरटीएम, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीचा, ३० मीटरच्या चौकटींचा नकाशा. उपग्रह प्रकाश वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजतो, त्यातल्या ११ आणि १२ क्रमांकाच्या पट्ट्यांचे गुणोत्तर कामाचे, कारण चिकणमातीची खनिजे २२०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. मात्र चित्र एप्रिल-मेमधले हवे, पऱ्हाट्या निघून वखरणी झालेली. अवकाळी पावसानंतरचे चित्र आम्ही टाकून देतो, ओली जमीन फसवते.

खरी कसोटी वणीकडे लागली. नाल्याकाठच्या एका सपाट वावराला मॉडेलने ५२ टक्के चिकणमाती सांगितली, प्रयोगशाळेत निघाली २४. शेजारच्या वावरांतही अंदाज जास्तच. चूक कधी कमी, कधी जास्त असती तर वेगळी गोष्ट. एका पट्ट्यात ती एकाच दिशेला दिसली की काहीतरी सुटलेले असते. इथे खडक सुटला होता. जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्टवर आहे, तिथे सखल जागी भारी काळी माती साठते. वणीच्या बाजूला कोळसा सापडतो तो गोंडवाना खडकांचा पट्टा, त्यात वालुकाश्मही आहे. त्यावरची सखल जमीनही हलकी असू शकते. आम्ही भूगर्भीय नकाशा जोडला. पण तेवढ्याने भागत नाही: त्या खडकावरचे नमुनेच नसतील तर मॉडेल शिकणार कशावरून? म्हणून तिथून नव्याने नमुने घेतले.

मॉडेलची परीक्षा घेण्याची रीतही तेव्हाच बदलली. परीक्षेची ठिकाणे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली तर एका धुऱ्याच्या दोन्ही बाजूंचे नमुने शिकण्यात आणि परीक्षेत दोन्हीकडे येतात, आणि गुण फुगतात. आता आम्ही नाल्याचे अख्खे पाणलोट परीक्षेसाठी बाजूला ठेवतो. गुण बरेच उतरतात, पण ग्राहकाला आम्ही तेच दाखवतो.

धरणातला गाळ टाकलेल्या वावरात अजूनही अंदाज हुकतो. गाळ उताराला विचारून येत नाही. अतिभारी जमिनीलाही मॉडेल थोडी हलकी सांगते, कारण ते मधल्या आकड्यांकडे ओढले जाते. म्हणून अहवालात आम्ही एक आकडा न देता ‘इतके ते इतके’ लिहितो. मधले अंतर फार असेल तिथे आकडा छापतच नाही, माती आणून द्या म्हणतो.