ट्यूबवर ‘तपासलेलं’ असं लिहिलं होतं: यीस्ट टू-हायब्रिडचा माझा अनुभव

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातले पाच महिने मी एका स्टिकरवर विश्वास ठेवून घालवले. भाताच्या एका एनएसी प्रोटीनचं प्लास्मिड दुसऱ्या एका लॅबकडून आलं होतं आणि ट्यूबवर लिहिलं होतं, ‘ऑटोॲक्टिव्हेशन नाही, तपासलेलं’, म्हणजे हे प्रोटीन जोडीदाराशिवाय आपणहून जीन चालू करत नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

आधी यीस्ट टू-हायब्रिड ही पद्धत थोडक्यात. दोन प्रोटीन एकमेकांना धरतात का, हे तिने यीस्टमध्ये बघता येतं. यीस्टच्या गॅल४ या प्रोटीनचे दोन भाग वेगळे करता येतात. एक डीएनएवर जाऊन बसतो, दुसरा जीन चालू करतो. १९८९ साली फील्ड्स आणि साँग यांनी एका भागाला एक प्रोटीन जोडलं आणि दुसऱ्याला दुसरं. ती दोन प्रोटीन एकमेकांना धरतात तेव्हाच गॅल४चे दोन्ही भाग जवळ येतात आणि रिपोर्टर जीन, म्हणजे जोडी जमल्याची खूण देणारं जीन, चालू होतं. डीएनएवर बसणाऱ्या भागाला जोडलेलं आपलं प्रोटीन म्हणजे आमिष आणि लायब्ररीतून, म्हणजे वेगवेगळ्या प्रोटीनच्या प्लास्मिडांच्या संग्रहातून, येणारं ते सावज. लॅबमध्ये आम्ही बेट आणि प्रे म्हणतो, पण मराठीत ‘बेट’ वाचलं की समुद्रच आठवतो. आमचा एएच१०९ हा यीस्ट स्वतःहून हिस्टिडिन किंवा ॲडेनिन बनवू शकत नाही. जोडी जमली की एचआयएस३ आणि एडीई२ ही जीन्स चालू होतात आणि तो हिस्टिडिन-ॲडेनिन नसलेल्या प्लेटवरही वाढतो. म्हणजे प्लेटवर दिसते ती फक्त वाढ. प्रोटीनची जोडी हा त्या वाढीवरून आपण काढलेला निष्कर्ष असतो.

आमिषाच्या यीस्टचं लायब्ररीच्या यीस्टशी मेटिंग, म्हणजे मीलन, त्यातून झालेल्या डिप्लॉइड पेशी मोजणं, प्लेटिंग हे सगळं सुरळीत झालं. मेटिंगच्या वेळी मायक्रोस्कोपखाली तीन पाकळ्यांसारखे झायगोट दिसले की पुढे जायला हरकत नाही, एवढंच सांगते. हिस्टिडिन नसलेल्या, पण ॲडेनिन असलेल्या प्लेटवर पाचव्या दिवशी बारीक कॉलन्या दिसल्या आणि आठव्या दिवशी मोजल्या तर चारशेच्या वर भरल्या. त्या रात्री मी घरी फोन करून सांगितलं होतं की काम झालं.

त्यातल्या बारा निवडून सीक्वेन्सिंगला पाठवल्या. रुबिस्कोचं लहान सबयुनिट, क्लोरोफिलला बांधणारं एक प्रोटीन, दोन रायबोसोमल प्रोटीन्स, एक हीट शॉक प्रोटीन असं काहीबाही आलं. तिघांत तर वाचनचौकटच चुकलेली, म्हणजे भातात ज्याला काही अर्थ नाही असा एक तुटका पेप्टाइड. रायबोसोमल आणि हीट शॉक प्रोटीन्स कोणाच्याही स्क्रीनमध्ये चिकटून येतात, रुबिस्कोचा एमआरएनए पानात इतका भरपूर असतो की लायब्ररीत तो हमखास सापडतो, असं म्हणून मी ती बाजूला ठेवली आणि आणखी वीस पाठवल्या. तीच तऱ्हा. त्या बत्तीस सावजांत सामाईक असं काहीच नव्हतं. सामाईक होतं ते फक्त माझं आमिष, आणि हे लक्षात यायला मला दोन महिने लागले.

मग आमिष असलेल्या यीस्टचं मेटिंग लायब्ररीऐवजी रिकाम्या सावज-प्लास्मिडशी केलं आणि त्याच माध्यमावर, तितक्याच दाट पेशी पसरल्या. तिसऱ्या दिवशी प्लेट अगदी स्वच्छ होती. पाचव्या दिवशी प्रकाशात तिरकी धरली तेव्हा टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले आणि आठव्या दिवशी प्लेट माझ्या स्क्रीनच्या प्लेटसारखीच दिसत होती. सावज नसताना!

मी त्या लॅबला विचारलं, प्लेट किती दिवस ठेवली होती? उत्तर आलं, तीन दिवस. तपासणी खोटी नव्हती, पण ज्या प्लेटा मी आठ दिवस वाचणार होते त्यांच्यासाठी ती निरुपयोगी होती. ऑटोॲक्टिव्हेशनची प्लेट स्क्रीनच्या प्लेटइतकेच दिवस ठेवायची, तितकीच दाट पेरायची आणि रिकाम्या सावजासह डिप्लॉइडमध्ये बघायची. कोणी कितीही खात्री दिली तरी हे स्वतः करा.

असं का होत होतं तेही सांगते. एनएसी हे मुळात जीन चालू-बंद करणारं प्रोटीन आहे. त्याचा पुढचा, साधारण दीडशे अमिनो आम्लांचा भाग डीएनए धरतो आणि शेपटाकडचा भाग जीन चालू करतो. म्हणजे गॅल४च्या दुसऱ्या भागाचं काम माझ्या आमिषाचं शेपूट स्वतःच करत होतं, फक्त क्षीणपणे. प्लास्मिडच्या प्रती सगळ्या पेशींत सारख्या नसतात. माझ्या मते ज्या पेशींत त्या जास्त होत्या, तिथे ही क्षीण चालना हिस्टिडिनपुरती पुरली. खूण पहिल्यापासून समोर होती. बहुतेक कॉलन्या गुलाबीसर होत्या. एडीई२ बंद असलं की ॲडेनिन बनवण्याच्या वाटेतला एक पदार्थ साठतो आणि त्याचा लाल रंग चढतो. जिथे दोन्ही रिपोर्टर नीट चालू असतात ती कॉलनी पांढरी-मलईसर दिसते. गुलाबी म्हणजे एचआयएस३ जेमतेम चालू आणि एडीई२ बंद. मी रंग न बघता नुसत्या कॉलन्या मोजत बसले होते.

सरांनी ३-एटी वाढवून बघायला सांगितलं. हे रसायन एचआयएस३च्या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे थोड्याशा गळतीवर यीस्ट जगू शकत नाही. २.५ मिलिमोलरला ठिपके तसेच राहिले, १० ला थांबले. पण १० मिलिमोलरमध्ये खऱ्या पण कमजोर जोड्याही मरतात, म्हणून मी तो मार्ग सोडला आणि शेपूटच कापून टाकलं. (३-एटी गरम माध्यमात ओतू नका, ते उष्णतेने खराब होतं. अगार हाताला सोसेल इतपत निवल्यावर घाला.) कापलेलं आमिष आठ दिवस शांत राहिलं. तरी लगेच खूश झाले नाही. प्रोटीन बनतच नसेल तरी प्लेट अशीच शांत दिसते, म्हणून आमिषाला जोडलेल्या मिक टॅगवर वेस्टर्न केलं. पट्टी योग्य जागी आली तेव्हा कुठे मी पुढचं मेटिंग लावलं. शेपटाला धरणारी सावजं आता आपल्याला सापडणार नाहीत, हे मात्र मान्य करावं लागलं.

दुसऱ्या खेपेला तेवीसच कॉलन्या आल्या आणि या वेळी मी फक्त पांढऱ्या घेतल्या. इथे आणखी एक गाठ बसली. एका कॉलनीच्या पीसीआरमध्ये दोन पट्ट्या. एकाच यीस्ट पेशीत लायब्ररीची दोन प्लास्मिडं शिरू शकतात. त्यातलं एकच काम करतं, दुसरं फुकट सोबत वाढतं. ई. कोलायमध्ये काढून घेताना माझ्या हाती नेमकं ते फुकटं लागलं आणि पुन्हा तपासल्यावर काहीच वाढेना. निवड-माध्यमावर तीन वेळा रेघाटून घेतल्यावर त्या कॉलनीतलं नको ते प्लास्मिड बहुतेक पेशींतून गळालं. प्रत्येक कॉलनीला हे आधीच करायला हवं होतं.

शेवटी प्रत्येक सावज नव्या यीस्टमध्ये तीन प्रकारे घातलं: माझ्या आमिषासह, रिकाम्या आमिष-प्लास्मिडसह, आणि लॅमिनसह, ज्याचा आमच्या प्रोटीनशी काहीही संबंध नाही. लॅमिनबरोबरही जे वाढलं ते काढून टाकलं. तेविसांतून तीन उरली. त्यातलं एक दुसरं एनएसी प्रोटीन आहे, आणि एनएसी जोडीने राहतात हे माहीत असल्यामुळे ते बघून हायसं वाटलं. दुसरं हरितलवकात जाणारं प्रोटीन. यीस्टच्या केंद्रकात त्याची गाठ पडते खरी, पण भाताच्या पेशीत ती दोघं एका ठिकाणी असण्याची शक्यता फार कमी, म्हणून ते बाजूला ठेवलंय. तिसऱ्याचं पुल-डाउन, म्हणजे यीस्टबाहेरही जोडी जमते का याची तपासणी, येत्या सोमवारी लावते आहे.