हाय पूल असूनही आमचा डेटाबेस रांगेत मागे का राहिला

जुलै 2021. राजाराम बंधाऱ्याच्या पाण्यानं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती, शिरोलीजवळ हायवे बंद होता आणि व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या आमच्या तीन होस्टपैकी एकाचा मदरबोर्ड नेमका तेव्हाच गेला. नवा बोर्ड पुण्यात, आम्ही गोकुळ शिरगावात, मध्ये पंचगंगा. सगळ्या मशीन उरलेल्या दोन होस्टवर आपोआप चालू झाल्या, त्यामुळे सकाळी मी निर्धास्त होतो. अकराच्या सुमारास अकाउंट्सच्या काकांचा फोन आला.

"एक व्हाउचर सेव्ह व्हायला तीन मिनिटं लागायलेत. पगार निघणार हाय का न्हाई तेवढं सांगा."

मी डेटाबेस सर्व्हरवर लॉगिन करून टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू जेमतेम निम्मा वापरात. इथं माझा अर्धा तास फुकट गेला, कारण मी डिस्कच्या मागं लागलो. व्हर्च्युअल मशीनला आतून कळतच नाही की आपण खऱ्या कोअरसाठी ताटकळतोय. ती थांबलेली असते तेव्हा तिच्या लेखी काळही जवळजवळ थांबलेला असतो. हे बाहेरून, होस्टवरून बघावं लागतं. सगळे होस्ट सांभाळणाऱ्या व्हीसेंटरच्या रिअल-टाइम आलेखात त्या मशीनचा सीपीयू रेडी, म्हणजे खऱ्या कोअरची वाट बघण्यात गेलेला वेळ, 24000 मिलिसेकंद दिसत होता. हा आकडा 20 सेकंदांच्या खिडकीतला असतो आणि सगळ्या कोअरची त्यात बेरीज असते. आमच्या डेटाबेसला 8 व्हर्च्युअल कोअर, म्हणून:

```
24000 / 20000 * 100 / 8 = 15%
```

म्हणजे दर कोअर 15 टक्के वेळ नुसता रांगेत उभा. `esxtop` मध्ये `%RDY` बघितलं तरी हेच कळतं, फक्त तिथंही कोअरच्या संख्येनं भागायला विसरायचं नाही. पाच टक्क्यांच्या वर गेलं की लोक फोन करायला लागतात, हा माझा अनुभव.

मला कोडं पडलं ते वेगळंच. आमच्याकडं रिसोर्स पूल होते, म्हणजे मशीनचे गट पाडून गटागटाला सीपीयू आणि मेमरीचा वाटा ठरवलेला. माझ्या आधीच्या माणसानं 'प्रॉडक्शन' नावाचा पूल हाय वर ठेवला होता आणि 'टेस्ट' लो वर. मग डेटाबेस मागं का?

कागद घेऊन बसलो तेव्हा उलगडलं. हाय, नॉर्मल, लो हे शब्द त्या पूलला मिळतात, आतल्या मशीनला नाही. पूल हाय असला की त्याला सीपीयूचे 8000 शेअर, लो असला की 2000, मग आत दोन मशीन असोत की दोनशे. वाटणीसारखं आहे हे. थोरल्याला आठ एकर आणि धाकट्याला दोन दिले की थोरला श्रीमंत वाटतो, पण त्याच्या घरात खाणारी तोंडं किती ते कोणी मोजत नाही. आमच्या प्रॉडक्शनमध्ये 16 मशीन, मिळून 64 व्हर्च्युअल कोअर. म्हणजे दर कोअरला 125 शेअर. टेस्टमध्ये 4 कोअरच्या दोनच मशीन, म्हणजे दर कोअरला 250. लो पूलमधला कोअर हाय पूलमधल्या कोअरच्या दुप्पट वजनाचा!

खरा घोळ तर पुढं होता. बॅकअपची 8 कोअरची मशीन कुणीतरी कुठल्याच पूलमध्ये न घालता थेट क्लस्टरच्या मुळाशी सोडली होती. सुट्या मशीनला नॉर्मलवर दर कोअरला 1000 शेअर मिळतात, म्हणजे हिचे 8000. मुळाशी पूल आणि सुटी मशीन हे भाऊ-भाऊ. अख्ख्या प्रॉडक्शन पूलच्या वाट्याला जेवढं, तेवढंच वजन या एकटीचं. आणि दोन होस्टवर रात्रीचं बॅकअप संपेना म्हणून ती दिवसाही चालूच होती.

दोन होस्ट, प्रत्येकी 16 कोअर 2.5 गिगाहर्ट्झचे, मिळून 80 गिगाहर्ट्झ. सगळ्यांनी एकदम जोर लावला असं धरलं तर बॅकअप तिला वापरता येतील तेवढे पूर्ण 20 घेणार. उरलेले 60 हाय आणि लोमध्ये चारास एक: 48 आणि 12. डेटाबेस प्रॉडक्शनमधल्या 64 कोअरपैकी 8 चा, म्हणून त्याला 48 पैकी 6. टेस्टच्या एकेका मशीनलाही 6. पगार काढणारा डेटाबेस आणि कुणाच्या तरी अर्धवट रिपोर्टची टेस्ट मशीन एकाच मापात! प्रत्यक्षात शेअरचा हिशेब होस्टनिहाय होतो, त्यामुळे आकडे थोडे इकडंतिकडं होतात, पण दिशा हीच. आणि हे सगळं टंचाई असेल तेव्हाच. तीन होस्ट चालू असताना कुणालाच काही कमी पडत नव्हतं, म्हणून ही चूक इतके दिवस झाकून राहिली.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. बॅकअप मशीन टेस्टच्या पूलमध्ये ओढली. मग हाय-लो सोडून कस्टम आकडे टाकले: आधी एका कोअरचं वजन ठरवायचं, मग कोअरच्या संख्येनं गुणायचं. प्रॉडक्शनला 64 गुणिले 400, म्हणजे 25600. टेस्टमध्ये आता 16 कोअर, गुणिले 100, म्हणजे 1600. प्रॉडक्शनच्या आत फक्त डेटाबेसला हाय केलं. त्याच टंचाईत त्याचा वाटा 6 वरून साधारण 17 गिगाहर्ट्झवर गेला. रेडी 5600 वर आलं, म्हणजे साडेतीन टक्के. काकांना फोन केला तर म्हणाले, "आता पळायलंय."

रिझर्व्हेशन मात्र मी हात राखून दिलं. शेअर म्हणजे टंचाईतलं वजन, रिझर्व्हेशन म्हणजे हमी. सीपीयूचं रिझर्व्हेशन वापरात नसेल तर दुसऱ्यांना मिळतं, पण राखीव मेमरी एकदा त्या मशीननं वापरली की होस्ट ती परत घेत नाही. म्हणून फक्त डेटाबेसची 64 जीबी मेमरी पूर्ण राखीव केली, म्हणजे ती स्वॅपमध्ये जायची भीती गेली. सगळ्यांनाच हमी देत बसलो असतो तर पुढचा होस्ट पडल्यावर मशीन चालूच झाल्या नसत्या.

एक गाढवपणा मीही केला. टेस्टला कसली हमी, म्हणून त्या पूलचं रिझर्व्हेशन शून्य ठेवून एक्स्पांडेबलची टिकही काढली. दुसऱ्या दिवशी डेव्हलपरनं बंद केलेली टेस्ट मशीन परत चालू होईना:

```
The available Memory resources in the parent resource pool are insufficient for the operation
```

मेमरी तर भरपूर मोकळी होती! कारण असं की मशीनला स्वतःची हमी नसली तरी ती चालवायला हायपरवायझरला थोडी जादा मेमरी राखीव ठेवावी लागते. पूलमध्ये शून्य आणि वरून मागायची परवानगी नाही, मग ती आणायची कुठून? टिक परत दिली, मशीन चालू.

पाणी ओसरलं, बोर्ड आला, तिसरा होस्ट उभा राहिला. ते कस्टम आकडे मात्र मी काढले नाहीत. एक त्रास आहे: पूलमध्ये मशीन घातली की गुणाकार परत करावा लागतो. व्हीस्फिअरच्या आवृत्ती 7 पासून स्केलेबल शेअर्स हा पर्याय हे आपोआप करतो, पण आम्ही तेव्हा 6.7 वर होतो. म्हणून सर्व्हर रूमच्या दाराला बाहेरून एक कागद चिकटवलाय: पूल, कोअर, वजन, गुणाकार. नवी मशीन बनवणारा आधी त्या कागदावर खाडाखोड करतो, मग आत जातो.