एकच बिल दोनदा: दुबईतला इंटरनल ऑडिटर दिवसभर नेमकं करतो काय?

गोव्यात बी.कॉम. झालं की पुढे काय, या प्रश्नाला ठरलेली उत्तरं मिळतात: सीए कर, बँकेच्या परीक्षा दे, नाहीतर एखाद्या विमा किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीत टार्गेट घेऊन फिर. ज्यांना आकड्यांत डोकं घालून बसायला आवडतं, पण कुणाला काही विकायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी आखातात एक मोठं दालन आहे. इंटरनल ऑडिट, रिस्क आणि कम्प्लायन्स. तिन्ही शब्द नोकरीच्या जाहिरातींत सर्रास एकत्र येतात, म्हणून मडगाव-म्हापशाकडचे वाचक विचारतात की या माणसांचं टेबलावरचं काम असतं तरी काय. पदनामांची यादी देण्यापेक्षा एकच तपासणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवलेली बरी. ती वाचून कंटाळा आला तर हे क्षेत्र तुमचं नाही, हेही तिथेच कळेल.

तपासणी अशी: कंपनीने सप्लायरला एकाच बिलाचे पैसे दोनदा तर दिले नाहीत ना?

समजा दुबईतला एक हॉटेल समूह आहे आणि वर्षभरात सप्लायरच्या बिलांच्या 18,400 एंट्री झाल्या आहेत. ही फाइल हातात आली की नवखा माणूस लगेच डुप्लिकेट शोधायला बसतो. अनुभवी माणूस आधी फाइल पूर्ण आहे का ते बघतो. सप्लायर खात्यांची सुरुवातीची बाकी, त्यात वर्षाची बिलं मिळवायची, त्यातून पेमेंट आणि क्रेडिट नोट वजा करायच्या. येणारी रक्कम ट्रायल बॅलन्समधल्या क्रेडिटर्सच्या आकड्याशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर कुणीतरी फाइल काढताना एखादी शाखा किंवा एखादा महिना वगळलेला असतो. बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते, फिल्टर लागलेला राहून गेलेला असतो. पण अपुऱ्या फाइलवर ‘काही सापडलं नाही’ असं लिहिणं हा या धंद्यातला सर्वांत महागात पडणारा प्रकार आहे.

त्यानंतर पहिली चाळणी सोपी. सप्लायर कोड, बिल नंबर आणि रक्कम या तिन्ही गोष्टी सारख्या असलेल्या जोड्या काढायच्या. बहुतेक जोड्या निर्दोष निघतात: एक एंट्री चुकून झाली आणि नंतर उलटवली, किंवा एकाच बिलाचे दोन समान हप्ते दिले. खरं सांगायचं तर या चाळणीत फारसा मासा अडकत नाही, कारण अगदी सारखं बिल बहुतेक सिस्टीम स्वतःच अडवतात. `SAP` मध्ये सप्लायरच्या माहितीत `Check Double Invoice` अशी खूण असते. ती लावलेली असेल तर सिस्टीम सप्लायर, चलन, बिलाची तारीख, रक्कम आणि बिल नंबर पडताळते. यातलं एक जरी वेगळं असलं तरी बिल सुरळीत पार होतं. म्हणून खरा शोध ‘जवळपास सारख्या’ बिलांचा.

एक नमुना जवळून बघू. चादरी-टॉवेल पुरवणाऱ्या सप्लायरचं बिल, रक्कम 42,000 दिरहम, त्यावर 5 टक्के व्हॅट 2,100, एकूण 44,100. सप्लायरने पीडीएफ ईमेलने पाठवलं. अकाउंट्सने ते 3 मार्चला `DXL-0457` या नंबराने चढवलं. छापील प्रत मालाबरोबर स्टोअरला गेली होती, ती पंधरवड्याने हाऊसकीपिंगच्या फायलीतून वर आली. दुसऱ्या क्लार्कने ती नुसती `457` या नंबराने चढवली आणि रकमेच्या रकान्यात व्हॅटशिवायचे 42,000 टाकले. वर त्या सप्लायरचे सिस्टीममध्ये दोन कोड होते, कारण कंपनीचं नाव एकदा ‘ट्रेडिंग’ आणि एकदा ‘ट्रेडिंग एलएलसी’ असं नोंदवलं गेलं होतं. कोड वेगळा, नंबर वेगळा, रक्कमही वेगळी. पहिल्या चाळणीतून हे बिल आरामात निसटतं.

मग ते धरायचं कसं? क्लार्क ज्या गोष्टी आपल्या मनाने बदलत नाही, त्या धरायच्या. यूएईत व्हॅटसाठी नोंदणी झालेल्या प्रत्येकाला 15 अंकी टीआरएन, म्हणजे कर नोंदणी क्रमांक असतो. कोड दोन असले तरी टीआरएन एकच. बिलाची तारीख कागदावर छापलेली असते. आणि रक्कम व्हॅट वगळून घ्यायची. दुसऱ्या एंट्रीसारखी व्हॅट वेगळा न दाखवलेली बिलं असतील तर 1.05 पट असलेल्या जोड्याही स्वतंत्र काढायच्या. `B` मध्ये टीआरएन, `D` मध्ये बिलाची तारीख, `F` मध्ये व्हॅटशिवायची रक्कम असेल तर एक्सेलमध्ये एवढं पुरतं:

```
=COUNTIFS($B:$B,B2,$D:$D,D2,$F:$F,F2)
```

उत्तर 1 पेक्षा मोठं आलं की ती ओळ बघायची. इथे एक खाच आहे, ती माहीत नसली की तास वाया जातात. नुसत्या अंकांचा मजकूर `COUNTIFS` संख्या म्हणून वाचतो आणि एक्सेल संख्येचे पहिले 15 अंकच सांभाळतो. टीआरएन बरोबर 15 अंकांचा असल्यामुळे निभावतं. भारतात मात्र जीएसटीच्या नियमांनुसार बिल नंबर 16 अक्षरांपर्यंत असू शकतो. तो सगळा अंकांचाच असला तर शेवटच्या अंकाचा फरक दिसत नाही आणि दोन वेगळी बिलं एकच वाटतात. तेव्हा असे रकाने फाइल उघडतानाच ‘टेक्स्ट’ म्हणून घ्यावेत आणि नंबरांची तुलना `=C2=C3` अशी, त्या रकान्यावर सॉर्ट करून, थेट करावी.

यादी निघाली म्हणजे काम संपलं असं नाही. प्रत्येक जोडीची दोन्ही बिलं समोर ठेवायची, मालाची पोच, म्हणजे जीआरएन, एक आहे की दोन ते बघायचं आणि बँक स्टेटमेंटमध्ये पैसे खरोखर दोनदा गेले का ते तपासायचं. बिल दोनदा चढलं पण दुसरं पेमेंट अजून थांबलेलं आहे, ही गोष्ट वेगळी. ते आजच अडवता येतं. मग सप्लायरकडून त्याच्या वहीतला खातेउतारा मागवायचा. तिथे जादा पैसे जमा दिसले तर भांडण नाही, क्रेडिट नोट मागायची.

आता कारण. ‘क्लार्कची चूक’ असं लिहून मोकळा होणारा ऑडिटर पुढच्या वर्षी तेच बिल पुन्हा शोधतो. वरच्या उदाहरणात पहिलं बिल परचेस ऑर्डर, जीआरएन आणि बिल या तिघांचा मेळ घालून पास झालं. दुसऱ्यालाही हाच मेळ घालावा लागला असता तर ते तिथेच अडकलं असतं, कारण त्या ऑर्डरवर माल शिल्लकच नव्हता. पण कंपनीने 50,000 दिरहमपर्यंतची बिलं ऑर्डरशिवाय, फक्त विभागप्रमुखाच्या सहीवर चढवायला मुभा दिली होती. पैसे गेले त्या दारातून. म्हणजे शिफारस क्लार्कला समज देण्याची नाही. ज्या सप्लायरशी ऑर्डरवर व्यवहार होतो, त्याचं बिल ऑर्डरशिवाय चढूच नये आणि एका टीआरएनला दुसरा कोड उघडू नये, ही शिफारस. अहवालात या गोष्टी ठरलेल्या क्रमाने येतात: काय आढळलं, नियम काय होता, कारण काय, नुकसान किती, आणि काय करावं, कुणी, कधीपर्यंत.

इथे एक भ्रम दूर करायला हवा. विकायचं नसलं तरी बोलावं लागतं. फायनान्स मॅनेजर म्हणणार, “अहो, पुढच्या बिलात सप्लायर वळते करून घेईल, एवढ्यासाठी रिपोर्टात कशाला?” त्यावर आवाज न चढवता “वळते झाल्याची एंट्री दाखवा, मी तसं लिहितो,” एवढंच म्हणता आलं पाहिजे. ज्याला हे जमत नाही तो एक्सेलमध्ये कितीही तरबेज असो, सीनियरच्या पुढे सरकत नाही.

रिस्क आणि कम्प्लायन्सचं काम याच्या शेजारचं. रिस्कवाला घटना घडण्याआधी कुठे घसरण होईल ते मांडतो, कम्प्लायन्सवाला कायद्याची बाजू सांभाळतो. उदाहरणार्थ, यूएईत सोन्या-हिऱ्यांचा व्यापारी एका ग्राहकाकडून 55,000 दिरहम किंवा त्याहून जास्त रोख घेतो तेव्हा त्याची माहिती `goAML` या पोर्टलवर द्यावी लागते. निर्बंधांच्या यादीशी ग्राहकांची नावं ताडून बघणं हे नवख्यांचं रोजचं काम. त्यात फर्नांडिस किंवा मोहम्मद अशी नावं आली की ढिगाने खोट्या जुळण्या निघतात. प्रत्येक जुळणी जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट नंबर यांवरून बाद करायची आणि का बाद केली ते लिहून ठेवायचं. हे न लिहिलेलं काम तपासनीसाच्या लेखी झालेलंच नसतं.

तयारीची सुरुवात गोव्यातच होते. पणजी-मडगावच्या सीए फर्ममध्ये असिस्टंट म्हणून स्टॉक ऑडिट, बँकांचं कन्करंट ऑडिट, वेर्ण्याच्या कारखान्यांचं इंटरनल ऑडिट अशी कामं मिळतात. कंपनी कायदा 2013 च्या कलम 138 खाली सगळ्या लिस्टेड कंपन्यांना, आणि 200 कोटींची उलाढाल किंवा बँकांचं 100 कोटींवर कर्ज असलेल्या प्रायव्हेट कंपन्यांनाही इंटरनल ऑडिटर नेमावा लागतो, तेव्हा काम आटत नाही. नेमणूक सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा संचालक मंडळ ठरवेल त्या व्यावसायिकाची होते. त्याच्या हाताखालच्या टीममध्ये बी.कॉम. चालतं.

आखातातल्या जाहिरातींत सीआयए, म्हणजे सर्टिफाइड इंटरनल ऑडिटर, हे प्रमाणपत्र वारंवार मागितलेलं दिसतं. त्याचे तीन पेपर आहेत. पहिल्यात 125 प्रश्न अडीच तासांत, दुसऱ्या-तिसऱ्यात प्रत्येकी 100 प्रश्न दोन तासांत. गुण 250 ते 750 या मापावर मोजतात आणि 600 ला पास. पदवीधराला 2 वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, पण परीक्षा आधी देता येते. 9 जानेवारी 2025 पासून नवी जागतिक ऑडिट मानकं लागू झाली आहेत, तेव्हा ताईदादांची जुनी पुस्तकं फुकट मिळाली तरी त्यांवर अवलंबून राहू नये.

सीव्हीत ‘ऑडिटचा अनुभव’ असं मोघम लिहू नका. कुठली तपासणी, किती एंट्री, फाइल कशाशी जुळवली आणि काय निघालं, हे दोन ओळींत लिहा, क्लायंटचं नाव न घालता. आणि पदवीच्या कागदांचं काम नोकरी ठरायची वाट न बघता माहीत करून घ्या. यूएई अपोस्टिलच्या करारात नाही. त्यामुळे राज्य सरकार, मग भारताचं परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई दूतावास आणि यूएईत पोहोचल्यावर तिथलं परराष्ट्र मंत्रालय, असा शिक्क्यांचा प्रवास करावा लागतो. मार्कशीटवरचं आणि पासपोर्टवरचं नाव एका अक्षराने जरी वेगळं असलं तरी तो प्रवास मध्येच अडतो, म्हणून ती दुरुस्ती सर्वांत आधी.